सत्तेवरच्या नेत्याला अटक का होत नाही? आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध द हेगमधून अटक वॉरंट निघाल्याची बातमी येते. काही महिन्यांनी तोच राष्ट्राध्यक्ष दुसऱ्या देशाच्या विमानतळावर लाल गालिच्यावरून चालताना दिसतो. मग वाचक विचारतात: कायदा आहे की नाही? कायदा आहे, आणि तो बराच तपशीलवारही आहे. तो कुठे अडतो ते समजण्यासाठी या पानावर मुख्यतः एकच प्रकरण घेतले आहे, सुदानचे माजी अध्यक्ष ओमर अल-बशीर यांचे. सत्तेवरच्या नेत्याबद्दलचा जवळजवळ प्रत्येक कायदेशीर प्रश्न या एका प्रकरणात कुठल्या ना कुठल्या न्यायाधीशांसमोर आला.

द हेगमध्ये दोन न्यायालये आहेत ना? वॉरंट कोणते काढते?

हो, आणि बातम्यांमध्ये या दोघांची नेहमी गल्लत होते. आंतरराष्ट्रीय न्यायालय हे संयुक्त राष्ट्रांचे अंग आहे. तिथे वादी आणि प्रतिवादी दोन्ही देशच असतात. ते कुणाला अटक करायला सांगत नाही आणि तुरुंगातही पाठवत नाही. वॉरंट काढते ते आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. १९९८ साली रोममध्ये झालेल्या कराराने ते निर्माण झाले आणि १ जुलै २००२ पासून त्याचे काम सुरू झाले. तिथे आरोपी देश नसतो, माणूस असतो. वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमणाचा गुन्हा एवढ्यापुरताच त्याचा अधिकार आहे. अमेरिका, रशिया, चीन, भारत आणि इस्रायल या न्यायालयाचे सदस्य नाहीत.

सुदानही सदस्य नव्हता. मग तिथल्या अध्यक्षावर खटला कसा?

एरवी गुन्हा सदस्य देशाच्या भूमीवर घडावा लागतो किंवा आरोपी सदस्य देशाचा नागरिक असावा लागतो. सदस्य नसलेला देशही न्यायालयाचा अधिकार मान्य करू शकतो. यांपैकी काहीच नसेल तर एक वाट उरते: संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद स्वतः प्रकरण न्यायालयाकडे सोपवू शकते. दार्फूरबाबत तेच घडले.

सुदानच्या पश्चिमेकडच्या दार्फूर प्रांतात २००३ साली बंडखोरी सुरू झाली. ती मोडून काढण्यासाठी सरकारने सैन्याबरोबर जंजावीद नावाच्या टोळ्या वापरल्या. गावे जाळली गेली आणि लाखो लोक परागंदा झाले. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार मृतांचा आकडा ३ लाखांच्या घरात गेला. ३१ मार्च २००५ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १५९३ संमत केला. अकरा देशांनी बाजूने मत दिले आणि चार देश तटस्थ राहिले. त्या चारांत अमेरिका आणि चीन होते. दोघांपैकी एकानेही नकाराधिकार वापरला असता तर हे प्रकरण तिथेच संपले असते.

या ठरावाचे दोन बारकावे पुढच्या सगळ्या गोंधळाच्या मुळाशी आहेत. सहकार्याची सक्ती त्याने फक्त सुदान सरकारवर आणि त्या संघर्षातल्या पक्षांवर घातली. बाकीच्या देशांना नुसते आवाहन केले. शिवाय खर्चाचा भार संयुक्त राष्ट्रे उचलणार नाहीत, असेही त्यात लिहिले होते. म्हणजे परिषदेने काम सोपवले, पण त्यासाठी पैसा दिला नाही आणि हातही दिले नाहीत.

वॉरंटमध्ये आरोप काय होते?

वॉरंट दोन होती. ४ मार्च २००९ च्या पहिल्या वॉरंटमध्ये मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचे पाच आणि युद्धगुन्ह्यांचे दोन आरोप होते. वंशसंहाराचा आरोप न्यायाधीशांनी तेव्हा मान्य केला नव्हता. अपिलात तो निर्णय फिरला आणि १२ जुलै २०१० रोजी वंशसंहाराचे तीन आरोप असलेले दुसरे वॉरंट निघाले. पदावर असलेल्या राष्ट्रप्रमुखाविरुद्ध या न्यायालयाने काढलेले पहिलेच वॉरंट म्हणजे २००९ चे.

न्यायालयाकडे पोलीस नाहीत. मग अटक कोण करते?

सदस्य देश. न्यायालय त्या देशाला विनंतीपत्र पाठवते आणि त्या देशाचे पोलीस आपल्या कायद्यानुसार अटक करून आरोपीला द हेगकडे सोपवतात. विनंती हा शब्द सौम्य वाटला तरी सदस्य देशावर ती बंधनकारक असते. अडचण ही, की अटक करायची की नाही हे ठरवणारे गृह आणि परराष्ट्र खात्यातले लोक त्याच पाहुण्याच्या स्वागताची तयारी करत असतात. याचे सर्वांत बोलके उदाहरण जोहान्सबर्गचे आहे.

जोहान्सबर्गमध्ये जून २०१५ मध्ये नेमके काय झाले?

आफ्रिकन युनियनची शिखर परिषद दक्षिण आफ्रिकेत भरणार होती. दक्षिण आफ्रिका रोम कराराची सदस्य होती आणि कराराची अंमलबजावणी करण्यासाठी तिने २००२ साली स्वतंत्र कायदाही केला होता. बशीर येणार हे कळल्यावर न्यायालयाने तिथल्या सरकारला त्यांच्या कर्तव्याची आठवण करून दिली. सरकारने वेगळीच तयारी केली. परिषदेला येणाऱ्या प्रतिनिधींना कारवाईपासून संरक्षण देणारा यजमानपदाचा करार त्याने राजपत्रात छापला.

बशीर शनिवारी, १३ जूनला उतरले. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, मानवाधिकारांच्या खटल्यांचे काम करणारी एक स्थानिक संस्था प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयात गेली. अर्ज साधा होता: आमच्याच कायद्याप्रमाणे या माणसाला अटक करायला हवी, सरकारला तसा आदेश द्या. सुट्टीच्या दिवशी सुनावणी झाली आणि अंतरिम आदेश निघाला की अंतिम निर्णय होईपर्यंत बशीर यांना देश सोडू देऊ नये. देशातल्या सर्व प्रवेश आणि निर्गमन ठिकाणांना हे कळवण्याची जबाबदारी सरकारवर टाकण्यात आली.

सोमवारी, १५ जूनला, युक्तिवाद सुरू असतानाच बातम्या येऊ लागल्या की सुदानचे विमान वॉटरक्लूफ या लष्करी तळावरून उडाले आहे. सरकारी वकील न्यायालयात सांगत होते की बशीर अजून देशातच आहेत. दुपारी न्यायाधीशांनी अटकेचा आदेश वाचून दाखवला. त्यानंतर सरकारी वकिलांनी कळवले की ते निघून गेले आहेत. ते निसटले कसे, याचा खुलासा सरकारने पुढे दिला. तळावर अधिकाऱ्यांना दाखवलेल्या पासपोर्टांमध्ये बशीर यांचा पासपोर्ट नव्हता म्हणे. एका देशाचा राष्ट्राध्यक्ष लष्करी तळावरून स्वतःच्या विमानाने जातो आणि तो कुणाच्या नजरेस पडत नाही, यावर न्यायाधीशांचा विश्वास बसला नाही. माझाही बसत नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. कायदा होता. स्वतंत्र न्यायालय होते आणि त्याने चोवीस तासांच्या आत आदेश दिला. अर्ज घेऊन जाणारे जागरूक लोकही होते. कमी पडला तो फक्त विमानतळावरच्या अधिकाऱ्याला मिळायचा हुकूम, आणि तो देणे पूर्णपणे सरकारच्या हातात होते.

पण सरकारच्या म्हणण्यात काही कायदेशीर तथ्य होते का?

होते, आणि ते उडवून लावण्यासारखे नव्हते. देशोदेशींच्या व्यवहारात एक जुना दंडक आहे. पदावर असलेल्या राष्ट्रप्रमुखाला दुसऱ्या देशाचे न्यायालय हात लावत नाही. तो पाहुणा कितीही नकोसा असला तरी त्याला अटक करणे म्हणजे त्याच्या देशाच्या सार्वभौमत्वावर हात टाकणे, असे मानले जाते. हे संरक्षण माणसाला नसते, पदाला असते, आणि पद असेपर्यंत ते जवळजवळ पूर्ण असते.

आता रोम करार उघडा. त्याचे कलम २७ सांगते की आरोपीचे अधिकृत पद या न्यायालयासमोर गैरलागू आहे. राष्ट्रप्रमुख असलात तरी सुटका नाही. पुढे कलम ९८ येते. दुसऱ्या देशाच्या माणसाला असलेले संरक्षण मोडावे लागेल अशी विनंती न्यायालयाने सदस्य देशाला करू नये, त्या दुसऱ्या देशाची संमती मिळाली तर गोष्ट वेगळी, असे ते म्हणते. म्हणजे एक कलम दार उघडते आणि दुसरे ते लोटून घेते. करार करणाऱ्यांनी हा तिढा मुद्दाम पूर्ण सोडवला नव्हता, कारण तो सोडवायला गेले असते तर कदाचित करारच झाला नसता.

सदस्य देशांनी आपसांत कलम २७ मान्य केले म्हणजे त्यांनी आपल्या नेत्यांचे संरक्षण सोडले, इथपर्यंत फारसा वाद नाही. खरा प्रश्न सुदानसारख्या बाहेरच्या देशाचा आहे. ज्याने करारावर कधी शिक्कामोर्तबच केले नाही, त्याने आपल्या अध्यक्षाचे संरक्षण सोडले असे कसे म्हणायचे?

मग न्यायाधीशांनी शेवटी काय ठरवले?

सात-आठ वर्षांत वेगवेगळी उत्तरे आली, आणि या चंचलपणाने न्यायालयाचे बरेच नुकसान केले. बशीर ऑक्टोबर २०११ मध्ये मलावीला गेले होते. त्या प्रकरणात न्यायाधीशांनी म्हटले की कुठल्याही आंतरराष्ट्रीय न्यायालयासमोर राष्ट्रप्रमुखाला संरक्षण नसते, हा रूढ आंतरराष्ट्रीय कायदाच आहे. ते २०१४ साली काँगोला गेले, तेव्हा दुसऱ्या न्यायाधीशांनी निराळा मार्ग धरला: संरक्षण असते, पण सुरक्षा परिषदेच्या ठरावाने सुदानचे संरक्षण काढून घेतले आहे. दोन्ही वाटांनी उत्तर एकच येते, पण कारण बदलते. आणि अटक टाळायचे निमित्त शोधणाऱ्या सरकारला कारण बदलताना दिसले की पुरे होते.

दक्षिण आफ्रिकेबद्दल न्यायालयाने ६ जुलै २०१७ रोजी निर्णय दिला. अटक न करून त्या देशाने कर्तव्यात कसूर केली, पण तिथल्या न्यायालयांनीच आपल्या सरकारला दोषी ठरवलेले असल्याने प्रकरण पुढे पाठवण्यात अर्थ नाही, असे न्यायाधीशांचे मत पडले. तिथले सर्वोच्च अपील न्यायालय मार्च २०१६ मध्येच सरकारविरुद्ध बोलले होते. त्यांचे म्हणणे असे की यजमानपदाचा तो करार आफ्रिकन युनियनच्या अधिकाऱ्यांसाठी होता, राष्ट्राध्यक्षांसाठी नव्हता, आणि देशाच्या स्वतःच्या कायद्यात राष्ट्रप्रमुखपद ही अटक नाकारण्याची सबब होऊ शकत नाही, असे स्पष्ट लिहिलेले आहे.

शेवटचा शब्द जॉर्डनच्या प्रकरणात उमटला. मार्च २०१७ मध्ये बशीर अरब लीगच्या परिषदेसाठी तिथे गेले होते. ६ मे २०१९ रोजी अपिलीय न्यायाधीशांनी सांगितले की कुठल्याही आंतरराष्ट्रीय न्यायालयासमोर राष्ट्रप्रमुखाचे संरक्षण रूढ कायद्याने कधीच मान्य केलेले नाही, त्यामुळे त्या न्यायालयाच्या वतीने अटक करणाऱ्या देशापुढेही ते उभे करता येत नाही. या निर्णयावर अभ्यासकांनी बरीच टीका केली. असे न्यायालय म्हणजे शेवटी काही देशांनी मिळून केलेला करार आहे. जो अधिकार एकट्याला नाही तो दहा जणांनी एकत्र येऊन कसा निर्माण होतो, हा त्यांचा प्रश्न आहे आणि मला तो रास्त वाटतो. तरीही आज न्यायालयाचा कायदा हाच आहे.

अटक न करणाऱ्या देशाला शिक्षा काय होते?

व्यवहारात, नाव नोंदले जाते. न्यायालय कसूर झाल्याचे नमूद करते आणि हवे तर प्रकरण सदस्य देशांच्या सभेकडे किंवा, परिषदेनेच ते सोपवले असेल तर, सुरक्षा परिषदेकडे पाठवते. सभेला दंड करण्याचा अधिकार नाही. सुरक्षा परिषदेला आहे, पण बशीर यांच्याबाबत तिने एकाही देशावर कारवाई केली नाही. डिसेंबर २०१४ मध्ये तेव्हाच्या मुख्य अभियोक्त्या फातू बेन्सुदा यांनी परिषदेसमोर उभे राहून सांगितले की आपण दार्फूरचा तपास स्थगित ठेवत आहोत, कारण परिषद काहीच करत नाही.

आरोपी येत नसेल तर त्याच्या गैरहजेरीत खटला का चालवत नाहीत?

रोम कराराच्या कलम ६३ नुसार खटल्याच्या वेळी आरोपी हजर असलाच पाहिजे. त्याआधीची एक पायरी मात्र, म्हणजे आरोपांमध्ये खटला चालवण्याइतके तथ्य आहे का हे तपासणारी सुनावणी, काही अटींवर गैरहजेरीत होऊ शकते. सप्टेंबर २०२५ मध्ये युगांडाचा बंडखोर नेता जोसेफ कोनी याच्याबाबत ती पहिल्यांदा झाली. खटला मात्र त्याला पकडल्याशिवाय पुढे सरकणार नाही.

सार्वत्रिक अधिकारक्षेत्र म्हणजे काय? तिथे तरी सत्तेवरच्या नेत्यावर खटला चालतो का?

सहसा देशाचे न्यायालय आपल्या भूमीवरचे किंवा आपल्या नागरिकांशी संबंधित गुन्हे चालवते. सार्वत्रिक अधिकारक्षेत्र म्हणजे काही गुन्हे इतके घोर मानणे, की गुन्हा कुठेही घडो, कुणीही करो, कोणत्याही देशाच्या न्यायालयाला तो चालवता यावा. छळाविरुद्धचा १९८४ चा करार तर सदस्य देशावर बंधनच घालतो: आरोपी तुमच्या हद्दीत सापडला तर त्याच्यावर खटला चालवा किंवा चालवणाऱ्या देशाच्या हवाली करा.

पण वर सांगितलेले पदाचे संरक्षण इथे पूर्ण ताकदीने आडवे येते, कारण इथे न्यायालय राष्ट्रीय असते. एप्रिल २००० मध्ये बेल्जियमच्या एका न्यायाधीशाने काँगोचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री अब्दुलाये येरोदिया यांच्याविरुद्ध वॉरंट काढले. काँगोने बेल्जियमला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. १४ फेब्रुवारी २००२ च्या निकालात बेल्जियम हरले. पदावरच्या परराष्ट्रमंत्र्याला परदेशी न्यायालयाकडून संपूर्ण संरक्षण आहे, गुन्हा कितीही गंभीर असो, आणि वॉरंट नुसते काढण्यानेही ते संरक्षण मोडते, असे न्यायालयाने ठरवले. परराष्ट्रमंत्र्याला जे मिळते ते राष्ट्राध्यक्षाला आणि पंतप्रधानाला अर्थातच मिळते. त्याच निकालात न्यायालयाने उघड्या वाटाही सांगितल्या: माणसाच्या स्वतःच्या देशात खटला, त्या देशाने संरक्षण सोडणे, पद गेल्यानंतरचा खटला, आणि अधिकार असलेले आंतरराष्ट्रीय न्यायालय.

हा दंडक अजून किती घट्ट आहे ते सीरियाच्या बशर अल-असद यांच्याबाबत दिसले. २०१३ च्या घूता इथल्या रासायनिक हल्ल्यासाठी फ्रान्सच्या तपासी न्यायाधीशांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांच्याविरुद्ध वॉरंट काढले. पॅरिसच्या अपील न्यायालयाने ते कायम केले. डिसेंबर २०२४ मध्ये असद सत्तेवरून गेले. तरीही जुलै २०२५ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ते वॉरंट रद्द केले, कारण ते निघाले त्या दिवशी असद पदावर होते. त्याच निकालात न्यायालयाने म्हटले की आता ते पदावर नाहीत, तेव्हा नवे वॉरंट काढता येईल. आरोप तेच, पुरावा तोच, फरक फक्त वॉरंटवरच्या तारखेचा.

म्हणजे पद गेले की वाट मोकळी?

बरीचशी, पण आपोआप नाही. चिलीचे माजी हुकूमशहा ऑगस्तो पिनोशे यांना १६ ऑक्टोबर १९९८ रोजी लंडनमध्ये स्पेनच्या न्यायाधीशाच्या वॉरंटवरून पकडले गेले. ते तेव्हा अध्यक्ष नव्हते. ब्रिटनच्या विधी लॉर्डांनी ठरवले की छळाच्या गुन्ह्यासाठी माजी राष्ट्रप्रमुखाला संरक्षण नाही. तरी मार्च २००० मध्ये ब्रिटनच्या गृहमंत्र्यांनी त्यांना आजारपणाच्या कारणाने मायदेशी जाऊ दिले.

चाडच्या हिसेन हाब्रे यांच्या प्रकरणात शेवट गाठला गेला, पण किती वर्षांनी ते पाहा. १९९० मध्ये सत्ता गेल्यावर ते सेनेगलला पळाले. २००० मध्ये छळातून वाचलेल्यांनी तिथे तक्रार केली. सेनेगलच्या न्यायालयांनी हात झटकले. मग तक्रारदार बेल्जियमला गेले, बेल्जियमने हाब्रे यांना सोपवण्याची मागणी केली, सेनेगलने टाळाटाळ केली. जुलै २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सेनेगलला बजावले: खटला चालवा, नाहीतर त्यांना सोपवा. तेव्हा कुठे डाकारमध्ये आफ्रिकन युनियनच्या मदतीने खास न्यायालय उभे राहिले आणि ३० मे २०१६ रोजी हाब्रे यांना जन्मठेप झाली. सत्ता गेल्यापासून पंचवीस वर्षे उलटून गेली होती. या सगळ्या काळात दर वेळी गाडे पुढे ढकलले ते कोठडीतून जिवंत बाहेर पडलेल्या माणसांनी. सरकारे बदलत राहिली, हे लोक मागे हटले नाहीत.

बशीर यांच्या वॉरंटचा मग काहीच परिणाम झाला नाही का?

झाला, आणि तो दोन्ही बाजूंनी सांगायला हवा. जून २०११ मध्ये बशीर इराणहून चीनला निघाले असताना तुर्कमेनिस्तानने आपल्या हद्दीवरून उडू दिले नाही. विमान परत फिरले आणि ते एक दिवस उशिरा पोहोचले. जुलै २०१३ मध्ये नायजेरियाची राजधानी अबुजा इथल्या परिषदेला ते गेले, पण तिथले कार्यकर्ते न्यायालयात जाताच एका दिवसाच्या आत त्यांनी काढता पाय घेतला. मलावीची गोष्ट मला विशेष वाटते. ज्या देशाने २०११ मध्ये त्यांचे स्वागत केले, त्याच देशाच्या नव्या अध्यक्षा जॉयस बांडा यांनी २०१२ मध्ये बशीर येणार असतील तर परिषद आपल्याकडे नको, असे सांगितले. परिषद अदिस अबाबाला हलली.

दुसरी बाजू दार्फूरच्या छावण्यांमधल्या लोकांनी भोगली. मार्च २००९ मध्ये वॉरंट निघताच सुदानने तेरा आंतरराष्ट्रीय मदत संस्थांना देशाबाहेर काढले. ज्यांच्यासाठी न्याय मागितला जात होता, त्यांचेच पाणी, अन्न आणि दवाखाने धोक्यात आले. वॉरंट काढू नये असा याचा अर्थ नाही. पण सत्तेवरचा आरोपी आपल्या ताब्यातल्या जनतेला ओलीस धरू शकतो, आणि वॉरंट काढणाऱ्यांकडे त्यावर काही उपाय नसतो.

सत्तेवरचा नेता स्वतःहून हजर झाला तर खटला सोपा होतो का?

उलट अधिक अवघड होऊ शकतो. केनियाच्या उहुरु केन्याटा यांच्यावर २००७-०८ च्या निवडणुकीनंतरच्या हिंसाचाराबद्दल आरोप होते. खटला उभा राहत असतानाच, २०१३ मध्ये, ते अध्यक्ष म्हणून निवडून आले. ऑक्टोबर २०१४ मध्ये ते द हेगला हजरही राहिले. दोनच महिन्यांनी अभियोक्त्यांना आरोप मागे घ्यावे लागले. साक्षीदार एकामागून एक मागे फिरले होते. बँकेचे आणि फोनचे तपशील ज्या सरकारकडून मागायचे, त्याचा प्रमुख स्वतः आरोपीच होता. म्हणून 'अमुक नेता सहकार्य करतो आहे' अशी बातमी वाचली की तो हजर राहतो आहे की कागदपत्रे देतो आहे, हे वेगळे करून पाहावे.

पुतिन आणि नेतन्याहू यांच्याबाबत हेच होणार का?

नकाशा तसाच दिसतो. पुतिन यांच्याविरुद्ध १७ मार्च २०२३ रोजी वॉरंट निघाले. त्या वर्षी जोहान्सबर्गला ब्रिक्सची परिषद होती. २०१५ चा अनुभव दक्षिण आफ्रिकेच्या गाठीशी होता, तिथली न्यायालये काय म्हणतील हे सरकारला ठाऊक होते. पुतिन गेले नाहीत, ते पडद्यावरून बोलले. म्हणजे बशीर यांना जाऊ दिल्यानंतर मिळालेला निकाल आठ वर्षांनी कामी आला. सप्टेंबर २०२४ मध्ये मात्र ते मंगोलियाला गेले. मंगोलिया सदस्य आहे, आणि इंधनासाठी रशियावर फार अवलंबूनही आहे. अटक झाली नाही, न्यायालयाने कसूर नोंदवली. नेतन्याहू यांच्याविरुद्ध २१ नोव्हेंबर २०२४ रोजी वॉरंट निघाले आणि एप्रिल २०२५ मध्ये हंगेरीने त्यांचे स्वागत केले. त्याच वेळी हंगेरीने न्यायालयातून बाहेर पडण्याचेही जाहीर केले.

अशा दौऱ्याची बातमी आली की यजमान देश सदस्य आहे का एवढे पाहून थांबू नये. त्याने कराराला अनुरूप देशी कायदा केला आहे का, आणि तिथल्या न्यायालयात एका दिवसात अर्ज घेऊन जाणारे कुणी आहे का, हे अधिक महत्त्वाचे. जोहान्सबर्ग आणि अबुजा इथे आरोपीला घाईने निघावे लागले ते याच कारणाने.

फिलिपिन्सचे दुतेर्ते मग कसे पकडले गेले?

ते पदावर नव्हते. जून २०२२ मध्ये त्यांची अध्यक्षपदाची मुदत संपली, पुढे नव्या सरकारशी त्यांच्या कुटुंबाचे बिनसले आणि ११ मार्च २०२५ रोजी त्यांच्याच देशाच्या पोलिसांनी त्यांना मनिलाच्या विमानतळावर ताब्यात घेऊन द हेगला रवाना केले. फिलिपिन्स २०१९ मध्येच न्यायालयातून बाहेर पडला होता, पण आरोप तो सदस्य असतानाच्या काळातल्या हत्यांबद्दलचे होते.

आणि बशीर? त्यांची सत्ता तर २०१९ मध्येच गेली.

११ एप्रिल २०१९ रोजी, महिनोन्‌महिने चाललेल्या निदर्शनांनंतर, त्यांच्याच लष्कराने त्यांना हटवले. सुदानच्या न्यायालयाने त्यांना भ्रष्टाचारासाठी दोन वर्षांची शिक्षा दिली. ऑगस्ट २०२१ मध्ये संक्रमणकालीन मंत्रिमंडळाने त्यांना द हेगला सोपवण्याचा निर्णयही घेतला. पण अंतिम संमती लष्करी सेनानींकडे होती, आणि त्यांतल्या काहींचा दार्फूरच्या मोहिमेशी स्वतःचा संबंध होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये लष्कराने उठाव केला. एप्रिल २०२३ मध्ये देशात युद्ध पेटले. बशीर यांना आधीच तुरुंगातून लष्करी रुग्णालयात हलवले होते. ते लष्कराच्याच ताब्यात राहिले, आणि दोन्ही वॉरंट अजून बजावली गेलेली नाहीत. अशा वॉरंटला मुदत नसते, न्यायालय दुसरा आदेश देईपर्यंत ते लागू राहते.

दार्फूरच्या प्रकरणात जो माणूस प्रत्यक्ष पिंजऱ्यात उभा राहिला तो अली कुशायब, जंजावीदचा एक म्होरक्या. जून २०२० मध्ये तो मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात शरण आला. ६ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायालयाने त्याला सत्तावीस आरोपांवर दोषी ठरवले. सुरक्षा परिषदेच्या ठरावाला तेव्हा वीस वर्षे उलटून गेली होती, आणि त्या ठरावातून निघालेला तो पहिला दार्फूर निकाल होता.